साखरपुड्याआधी स्टेटमेंट बघा

पगाराचा आकडा बायोडाटात असतोच, पण तो जातो कुठं हे कळायला दोघांनी तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन एकदा निवांत बसा. समजा लातूरच्या पोराला ३०,००० पगार, त्यातले ८,००० गावाकडं आईबापाला, ४,००० गाडीचा हप्ता, २,००० भिशी, म्हणजे राहिले १६,००० अन् त्यातच रूमचं भाडं, खाणंपिणं. आता होणाऱ्या बायकोला दोन वर्षांत फ्लॅटसाठी ३ लाख जमवायचेत, तर महिन्याला १२,५०० लागतात, एकट्याच्यानं कसं व्हायचं? गावाकडचे पैसे लग्नानंतर पण जाणार का, अन् सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी जास्त जाणार का, हे तेव्हाच बोला (लाजायचं काय त्यात). पीककर्जाचं पण विचारा, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा दिसतो.