‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’ लिहून सुटका होत नाही: रात्रीच्या फोनवरच्या या चुका टाळा

“सर, सतरा नंबरची पेशंट जरा अस्वस्थ आहे. पोटात दुखतंय म्हणते.”
“सिझरचे टाके आहेत, दुखणारच. डायक्लो द्या.”

फोन बंद. सिस्टरच्या मनात आहे की पोटात ब्लीडिंग चालू असावं. रेसिडेंटच्या मनात आहे की नेहमीचं दुखणं आहे. दोघांचं मत पार वेगळं आहे, पण ते फोनवर आलंच नाही. मग सकाळी सिस्टर म्हणते, “मी सांगितलं होतं,” रेसिडेंट म्हणतो, “मला काही सांगितलंच नाही,” आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

सतरा नंबरची पेशंट उदाहरणासाठी रचलेली आहे, पण असा फोन कोणत्याही वॉर्डात ऐकायला मिळेल. वय २६, वजन ५८ किलो, संध्याकाळी ६ ला सिझर. रात्री १० ला पल्स ९२, बीपी ११८/७६. १२ ला पल्स १०८. दीडला पल्स १२४, बीपी १०४/७०, श्वास मिनिटाला २४. ११ पासून लघवी फक्त ४० मिली. ड्रेसिंग कोरडं, पॅडवर रक्त बेताचंच. पोट फुगलंय, आणि बाई म्हणते उजवा खांदा दुखतोय.

चूक पहिली: सुचवणं, पण न सांगणं

“जरा अस्वस्थ आहे”, “एकदा बघता का?”, “पल्स थोडी जास्त वाटते” ही वाक्यं ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. बोलणारीला मात्र वाटतं की आपण सांगितलं. रेसिडेंट त्या वेळी दुसऱ्या केसला स्क्रब झालेला असतो, फोन ओटीतल्या मावशींनी त्याच्या कानाशी धरलेला असतो. तो शब्दांमागचा अर्थ शोधत बसणार नाही.

हे केवळ नवख्या सिस्टरचं होतं असं नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रॉमिली या ३७ वर्षांच्या बाईंना सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली आणि श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न पुन्हापुन्हा करत राहिले. एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा सेट आणला आणि आणल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेड मिळवला, पण तो सांगितल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून तिला वाटलं की आपण उगाच घाई करतोय, आणि तिने बेड रद्द केला. काय करायला हवं हे काही नर्सेसना कळत होतं, ते बोलायचं कसं हे कळत नव्हतं. एलेन तेराव्या दिवशी गेल्या. सेट समोर ठेवणं हीसुद्धा एक सूचनाच होती, आणि ती कोणाच्या कानी पडली नाही.

यावर उपाय म्हणून एसबार ही पद्धत आहे. ती अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून आली आणि कैसर पर्मनंटे या संस्थेने ती रुग्णालयांत रुजवली. चार भाग: आत्ता काय चाललंय, मागची माहिती, मला काय वाटतं, मला काय हवंय. भिंतीवर तक्ता लावून अक्षरं पाठ करवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. अक्षरं सगळ्यांना येतात, शेवटचे दोन भाग बोलताना जीभ अडते. “निदान करणं आपलं काम नाही” हे नर्सिंगमध्ये इतकं घोटलेलं असतं की “मला वाटतं” म्हणायलाच भीती वाटते. पण निदान सांगायचं नसतंच, भीती कशाची आहे ते सांगायचं असतं.

सतरा नंबरचा फोन असा व्हायला हवा:

“सर, पीएनसी वॉर्डातून स्टाफ सिस्टर बोलतेय. सतरा नंबर, आज संध्याकाळी सहाचं सिझर. दहाला पल्स ९२ होती, आत्ता १२४. बीपी ११८ वरून १०४. अडीच तासांत लघवी ४० मिली, कॅथेटर दुमडलेला नाही, बघितलाय. ड्रेसिंग कोरडं आहे, पण पोट फुगलंय आणि खांदा दुखतोय. मला पोटात ब्लीडिंगची भीती वाटते. पंधरा मिनिटांत येऊन बघा. तोवर दुसरी ग्रीन लाइन टाकते आणि सीबीसी, क्रॉसमॅच पाठवते. हो म्हणता का?”

एवढं बोलायला पाऊण मिनिट लागतं. यात ताकद एकट्या १२४ ची नाही, ९२ वरून १२४ ची आहे. नुसतं “बीपी १०४” ऐकलं तर कोणीही “ठीक आहे” म्हणेल, कारण तरुण बाई अंगातल्या रक्ताचा पाव हिस्सा गमावूनही बीपी धरून ठेवते. पल्स आधी पळते, बीपी मागाहून कोसळतं. म्हणून फोन करण्याआधी पल्सला वरच्या बीपीने भागण्याची सवय चांगली. इथे १२४ भागिले १०४ म्हणजे जवळपास १.२. बाळंतिणीत ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं. लघवीचा हिशोबही तसाच सोपा आहे. किलोमागे तासाला अर्धा मिली धरला तर ५८ किलोला अडीच तासांत ७० च्या आसपास हवी होती. खांद्याचं दुखणं अनेक जण सोडून देतात. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं तेव्हा ते दुखणं खांद्यात जाणवतं, म्हणून ते सांगायचंच.

आणि कॅथेटर. तो तपासल्याशिवाय “लघवी कमी आहे” म्हणून फोन करू नका. नळी मांडीखाली दबलेली निघाली की पुढचे तीन महिने तुमच्या फोनवर कोणी विश्वास ठेवत नाही.

थोडक्यात आटोपतील अशा चुका

केसपेपर हातात नसताना फोन करणं. डॉक्टरने हिमोग्लोबिन विचारलं की “बघून सांगते” म्हणेपर्यंत समोरून फोन ठेवलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मॉनिटरचा फोटो टाकून निळ्या खुणांची वाट बघणं. तो फोन नव्हे.

नातेवाइकांसमोर वाद घालणं. पॅसेजमध्ये जा.

तोंडी ऑर्डर परत वाचून न दाखवणं. “पंधरा” आणि “पन्नास” फोनवर सारखेच ऐकू येतात.

पेशंट बेशुद्ध पडतोय, श्वास थांबतोय, आणि सिस्टर चार भाग जुळवतेय. अशा वेळी एसबार बाजूला ठेवायचा, आधी कोड.

चूक दुसरी: पहिल्या नकारावर थांबणं

समजा फोन नीट झाला, तरी रेसिडेंट म्हणाला, “पेनमुळे पल्स वाढली असेल. डायक्लो द्या, तासाने बघू.” इथे बहुतेक जणी दोनपैकी एक करतात. गुपचूप इंजेक्शन देतात, किंवा गुपचूप देत नाहीत. तिसरा प्रकार अर्धा डोस देण्याचा, म्हणजे दोन्हीकडून चूक. न देता चार्टवर दिल्याची सही करणं ही तर सरळ खोटी नोंद.

हरकत उघड घ्यायची, आणि दर खेपेला आवाज न चढवता शब्द चढवायचे. यासाठी अमेरिकेतल्या टीमस्टेप्स प्रशिक्षणात तीन पायऱ्या आहेत, आपल्या बोलीत त्या अशा बसतात. पहिली: “सर, मला काळजी वाटते, पल्स दर दोन तासांनी वाढतेय.” दुसरी: “डायक्लो द्यायला माझं मन धजत नाही. लघवी कमी आहे, किडनीवर ताण येईल, आणि ब्लीडिंग असेल तर ते वाढेल.” तिसरी: “सर, हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्ही बघेपर्यंत मी हे इंजेक्शन थांबवून ठेवतेय.” कारण सांगितलेलं असलं की समोरचा कारणावर बोलतो. नुसतं “मी नाही देणार” म्हटलं की तो अधिकारावर बोलतो, आणि मग पेशंट राहतो बाजूला. ऑर्डर थांबवून वर विचारणं आपल्या हातात आहे, स्वतः बदलून दुसरं औषध देणं नाही.

दोनदा स्पष्ट सांगूनही हालचाल नाही, किंवा पंधरा मिनिटं झाली आणि कोणी आलं नाही, की वर जायचं: नाइट सुपरवायझर सिस्टरला कळवायचं आणि सीनियर रेसिडेंट किंवा ऑन-कॉल कन्सल्टंटला फोन करायचा. त्याआधी एक वाक्य मात्र नक्की: “सर, तुम्ही ओटीत अडकलाय, मी मॅडमना फोन करतेय.” पाठीमागून केलेला फोन चुगली ठरतो, सांगून केलेला ठरत नाही. अनेकदा रेसिडेंटला हायसंच वाटतं, कारण मॅडमना उठवायची भीती त्यालाही असते. छोट्या नर्सिंग होममध्ये मधे फक्त आरएमओ असतो आणि तो मालक डॉक्टरांना रात्री फोन करायला कचरतो. तिथे दोघांनी मिळून फोन करा, स्पीकरवर. आकडे सिस्टरने सांगायचे.

कोणत्या पायरीवर कोणाचा नंबर, हे रात्री दीडला शोधायचं काम नाही. ड्यूटी घेताना हँडओव्हरमध्येच ऑन-कॉलचे तीन नंबर कागदावर लिहून घ्यावेत. दहा नर्सेसना विचारा, आठ म्हणतील “रजिस्टरमध्ये असतो”. रजिस्टरमध्ये असतो तो गेल्या महिन्याचा रोस्टर.

चूक तिसरी: नोंद

“डॉ. इन्फॉर्म्ड.” या दोन शब्दांवर अर्ध्या महाराष्ट्राच्या नर्सेस नोट्स चालल्या आहेत. काय सांगितलं, कोणाला, उत्तर काय आलं, यातलं काहीही त्यात नाही. सतरा नंबरची नोंद अशी हवी:

“१.३५: पल्स १२४, बीपी १०४/७०, श्वास २४, ११ पासून लघवी ४० मिली, पोट फुगलेले, उजवा खांदा दुखतो. डॉ. (नाव) यांना फोनवर कळवले, पोटातील रक्तस्रावाची शंका सांगितली, येऊन पाहण्याची विनंती. उत्तर: डायक्लो द्या, तासाने पाहू. १.३७: डायक्लो थांबवल्याचे कारणासह सांगितले. १.५२: डॉक्टर आलेले नाहीत, त्यांना सांगून ऑन-कॉल मॅडमना फोन. २.०५: मॅडम वॉर्डात.”

“निष्काळजीपणा”, “दुर्लक्ष केले” असले शब्द नकोत. वेळा पुरेशा बोलतात. वेळ वॉर्डच्या एकाच घड्याळाची घ्या, कारण मोबाइल आणि भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटांचा फरक असला की चौकशीत आधी तोच निघतो. राहून गेलेली नोंद मागच्या ओळींत कोंबायची नाही, खाली “उशिरा नोंद” म्हणून खऱ्या वेळेसह लिहायची.

आणि रेसिडेंट मंडळींची एक चूक

कधीकधी मॅडम येतात, सोनोग्राफी होते, पोटात रक्त नसतं. गॅस असतो, दुखणं असतं, सलाइन कमी गेलेलं असतं. तेव्हा “उगाच उठवलंत” हे वाक्य बाहेर पडतं. ते ऐकलेली सिस्टर पुढच्या वेळी पल्स १२४ ला फोन करत नाही, १४० ची वाट बघते. त्याऐवजी तिच्यासमोर दोन मिनिटं उभं राहून सांगावं की पुढच्या वेळी आधी काय तपासायचं. सलाइनचा इनपुट विचारायला मॅडमही विसरलेल्या असतात, हेही तेव्हाच निघतं.