सीएजीआर तपासताना: आधी वर्षं मोजा, मग टक्के बघा

गुंतवणुकीचा चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर, म्हणजे सीएजीआर, चुकतो तेव्हा बहुतेक वेळा रक्कम बरोबर असते आणि वर्षं चुकलेली असतात. म्हणून उत्तर तपासायला बसताना आधी कॅल्क्युलेटर उघडू नका. चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: पैसे गुंतवल्याची पूर्ण तारीख, मूल्य ज्या दिवसाचं धरलंय ती पूर्ण तारीख, सुरुवातीची रक्कम आणि शेवटची रक्कम. नुसतं '२०१९' किंवा 'एप्रिल' पुरत नाही. म्युच्युअल फंड असेल तर चेक दिल्याची तारीख सोडा, स्टेटमेंटवर युनिट ज्या दिवसाच्या एनएव्हीने मिळाली ती तारीख घ्या. शेवटच्या मूल्यासाठीही स्टेटमेंट छापल्याची तारीख चालत नाही, एनएव्हीची तारीख लागते.

समजा, १० एप्रिल २०१९ ला १,००,००० रुपये गुंतवले आणि २० जानेवारी २०२४ ला १,६४,००० रुपये हातात आले. मध्ये काही भरलं नाही, काही काढलं नाही. २०१९-२० पासून २०२३-२४ पर्यंत आर्थिक वर्षं पाच लागतात, आणि २०२४ मधून २०१९ वजा केले तरी पाचच येतात. पाच वर्षं धरून सीएजीआर १०.४० टक्के निघतो. दुसरा कुणी पूर्ण झालेली वर्षंच मोजतो, त्याला चार मिळतात आणि उत्तर १३.१६ टक्के येतं. दोन्ही चूक. या दोन तारखांमध्ये १७४६ दिवस आहेत. त्यांना ३६५ ने भागलं की ४.७८ वर्षं होतात आणि खरा दर १०.९० टक्के येतो. ३६५ ऐवजी ३६५.२५ ने भागायचं का, यावर लोक तावातावाने वाद घालतात, पण इथे दुसऱ्या दशांशातही फरक पडत नाही. खरा घोळ चार, पाच आणि ४.७८ यांच्यात आहे.

कंपनीच्या वार्षिक अहवालातली विक्री किंवा नफा घेऊन दर काढला असेल तर घोळ वेगळ्या जागी होतो. मार्च २०१९ ते मार्च २०२३ असे पाच आकडे तक्त्यात दिसतात, म्हणून पाचने घात काढला जातो. पण पाच बोटांमध्ये फटी चारच असतात. वाढ झाली ती एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत, तेव्हा इथे वर्षं चार. तक्त्यातले आकडे मोजले असतील तर त्यातून एक वजा केलाय ना, एवढं बघा.

एक्सेलमध्ये हिशोब असेल तर उत्तराच्या आधी वर्षांचा सेल तपासा. `YEAR(B2)-YEAR(A2)` लिहिलं असेल तर पाच येतात, `DATEDIF(A2,B2,"Y")` लिहिलं असेल तर चार. वर्षांसाठी वेगळा सेल न ठेवता दिवसच सूत्रात घालणं जास्त सुरक्षित. A2, B2 मध्ये तारखा आणि C2, D2 मध्ये रकमा असतील तर सूत्र असं:

```
=(D2/C2)^(365/(B2-A2))-1
```

घाताभोवतीचा कंस विसरू नका. `=D2/C2^1/5-1` असं लिहिलं तर एक्सेल आधी C2 चा पहिला घात काढतो आणि मग सगळ्याला पाचने भागतो. फायद्यातली गुंतवणूक उणे ६७.२० टक्के दाखवते. ही चूक निदान डोळ्यात भरते. तारखेची भरत नाही. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर '10/04/2019' ही ४ ऑक्टोबर होते, आणि '20/01/2024' मात्र मजकूर म्हणून पडून राहते, कारण विसावा महिना नसतो. वजाबाकीत `#VALUE!` येतं, माणूस दुसरी तारीख नीट टाइप करतो, उत्तर दिसायला लागतं आणि पहिली तारीख चुकलेलीच राहते. दर १२.२० टक्के निघतो, आणि तो अगदी विश्वासार्ह वाटतो. म्हणून तारखेचे सेल `dd-mmm-yyyy` या फॉरमॅटमध्ये ठेवा, म्हणजे महिना अक्षरात दिसेल. B2-A2 किती येतात तेही एका सेलमध्ये उघडं ठेवा.

आता उत्तर उलटं चालवून बघा. याला मोबाइलचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. १,००,००० ला १.१०९ ने चार वेळा गुणलं की १० एप्रिल २०२३ पर्यंत सुमारे १,५१,२६० होतात. उरलेल्या २८५ दिवसांचं १०.९० टक्क्यांनी सरळव्याज धरलं की साधारण १,६४,१३० येतात. हातात आलेल्या रकमेपेक्षा १३० जास्त, कारण अपुऱ्या वर्षात सरळव्याज चक्रवाढीपेक्षा किंचित जास्त पडतं. एवढा फरक सोडून द्या. हेच १०.४० टक्क्यांनी केलं तर १,६०,६०० च्या आसपास थांबतो, जवळजवळ ३,४०० कमी. १३.१६ टक्के घेतले तर चार वर्षांतच १,६४,००० होतात आणि २८५ दिवस वापरायचे उरतात. कोणती चूक झाली, हे त्या फरकावरूनच कळतं.

त्याहून झटपट चाचणी अशी: एकूण फायदा ६४ टक्के, वर्षं ४.७८, म्हणजे साधी सरासरी १३.३९ टक्के. कालावधी एका वर्षापेक्षा जास्त आणि व्यवहार फायद्यात असेल तर सीएजीआर या सरासरीपेक्षा कमीच हवा. जास्त आला तर कुठेतरी गडबड आहे. पण १३.१६ ही चुकीची संख्याही या चाळणीतून निसटते, म्हणून हिच्यावरच विसंबू नका.

तुलनेसाठी सेन्सेक्स घेत असाल तर तिथेही तारखा बघा. ३१ मार्च २०१४ ला तो २२,३८६.२७ वर बंद झाला. ३१ मार्च २०२४ रविवार होता आणि २९ तारखेला गुड फ्रायडे, त्यामुळे त्या आर्थिक वर्षाचा शेवटचा बंद भाव २८ मार्चचा, ७३,६५१.३५. मधले दिवस बरोबर ३६५०, म्हणजे दहा वर्षं, आणि दर १२.६५ टक्के. यात लाभांश धरलेला नाही. तुमच्या शेअर्सच्या रकमेत लाभांश मिळवलेला असेल तर ही तुलना तुमच्या बाजूला झुकते. तेव्हा टोटल रिटर्न निर्देशांक घ्या.

शेवटची तपासणी खरं तर पहिली करायला हवी: मध्ये पैसे आले-गेले का? दरमहा ५,००० ची एसआयपी पाच वर्षं चालली, ३,००,००० भरले आणि शेवटच्या हप्त्यानंतर महिन्याने ४,००,००० झाले. तीन लाखांवर पाच वर्षांचा सीएजीआर काढला तर ५.९२ टक्के येतो आणि फंड टाकाऊ वाटतो. पण पहिला हप्ता पाच वर्षं गुंतला होता, शेवटचा एकच महिना. प्रत्येक हप्त्याची तारीख धरून `XIRR` काढला तर दर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येतो. अशा गुंतवणुकीला सीएजीआर लावायचाच नाही, वर्षं कितीही नीट मोजली तरी. तसंच वर्षभरापेक्षा कमी काळ असेल तर मिळालेला टक्काच सांगा. तीन महिन्यांतले ६ टक्के वार्षिक केले की २६ च्या वर जातात, आणि पुढचे नऊ महिने अजून यायचे असतात.