चॅनेलच्या भरवशावर नोकरीचे तास कमी करण्याआधी

गेल्या दिवाळीनंतर वहिनींनी विचारलं, "भावजी, नोव्हेंबरात चॅनेलचे एकतीस हजार झाले. पगार चोवीस. आता हॉस्पिटलमध्ये अर्धा दिवस मागून घेऊ का?" वहिनी सांगलीत एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर सात वर्षं आहेत आणि रात्री घरी ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतात. मी कर सल्लागाराकडे कामाला, त्यामुळे असे प्रश्न घरातून माझ्याकडेच येतात. त्यांना म्हटलं, मार्चपर्यंत थांबा, तोवर तयारी करू. ती तयारी ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने इथे लिहितोय. तुम्हीही अशाच वळणावर असाल तर एकेक गोष्ट उरकत पुढे जा.

सगळ्यात आधी एका वहीत बारा महिन्यांचं उत्पन्न लिहून काढा. बारापेक्षा कमी महिने असतील तर निर्णय पुढे ढकला, कारण दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही एकदा तरी त्या हिशेबात यायला हवी. प्रत्येक महिन्यापुढे दोन रकाने करा, कमावले किती आणि खात्यात आले किती. यूट्यूब स्टुडिओत `Estimated revenue` म्हणून दिसतो तो अंदाज असतो. पक्का आकडा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागतो, आणि पैसे २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटतात, तेही यूट्यूबच्या अॅडसेन्स खात्यात १०० डॉलर जमले असतील तरच. वहिनींचा जुलै ८,००० रुपयांचा झाला, म्हणजे शंभर डॉलरच्या आत. त्यामुळे ऑगस्टमध्ये बँक खात्यात काहीच आलं नाही आणि सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांचे एकदम आले. फक्त पासबुक बघणाऱ्याला वाटेल की एक महिना बुडाला आणि एक महिना भरभराटीचा गेला. दोन्ही खोटं.

वहिनींचं वर्ष कमाईच्या रकान्यानुसार असं होतं. एप्रिल १५ हजार, मे १८, जून १२, जुलै ८, ऑगस्ट १३, सप्टेंबर १६, ऑक्टोबर २७, नोव्हेंबर ३१, डिसेंबर १६, जानेवारी १३, फेब्रुवारी १०, मार्च १३. बेरीज १ लाख ९२ हजार, सरासरी १६ हजार. सरासरी पाहून माणूस खूश होतो, पण किराणा सरासरीने भरता येत नाही. दिवाळीच्या आधी नवे ब्लाउज शिवायची घाई असते म्हणून बघणारे वाढतात, आणि त्याच दिवसांत जाहिरातदारही जास्त पैसे मोजतात. दोन्ही लाटा एकदम येतात. जानेवारीत जाहिरातीचे दर उतरतात, आषाढात लग्नं थांबतात. म्हणून आम्ही सरासरी बाजूला ठेवली आणि सगळ्यात पडेल असे तीन महिने घेतले. जुलै, फेब्रुवारी आणि जून, मिळून ३० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार. नोकरीच्या निर्णयाला तुमचाही पाया हाच धरा.

आता हा पाया किती घट्ट आहे ते तपासायचं. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तुम्हीही इथे घाई करू नका. स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये `Advanced mode` उघडा, पडेल महिन्यांपैकी एक महिना निवडा आणि व्हिडिओनुसार उत्पन्न लावून घ्या. प्रत्येक व्हिडिओ कधी टाकला तेही त्या यादीत मिळतं. सहा महिन्यांपेक्षा जुन्या व्हिडिओंनी त्या महिन्यात किती आणले, त्यांची बेरीज करा. जूनच्या मध्यापासून पाच आठवडे वहिनींनी एकही व्हिडिओ टाकला नव्हता, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी जुलैच्या ८ हजारांपैकी साडेसहा हजार जुन्या व्हिडिओंनी आणले. 'कटोरी ब्लाउज ३६ साइज' असं कुणीतरी रोज शोधतंच, आणि तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ रोज थोडा थोडा चालतो. असं चॅनेल टिकाऊ. याउलट जुन्या व्हिडिओंचा वाटा चार आण्यांच्या आसपास असेल, तर ते उत्पन्न नव्या व्हिडिओंवर उभं आहे. तुम्ही आजारी पडलात की तेही आजारी पडेल. तसं असेल तर महिना कितीही मोठा दिसो, नोकरीला हात लावू नका.

त्याच यादीत सगळ्यात वरचा व्हिडिओही बघा. वहिनींच्या प्रिन्सेस कटच्या एका व्हिडिओने वर्षभरात ३८ हजार आणले, जवळपास पाचवा हिस्सा. उद्या तसाच आणखी चांगला व्हिडिओ दुसऱ्या कुणी केला, किंवा त्यावर कुणी कॉपीराइटचा दावा ठोकला, तर तो हिस्सा जाऊ शकतो. तसा दावा एका दुसऱ्या व्हिडिओवर झालाही होता. मागे मशीनचा आवाज झाकायला लावलेलं गाणं नडलं आणि कित्येक आठवडे त्याचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जात राहिले. म्हणून पाया मोजताना पहिल्या क्रमांकाचा व्हिडिओ वजा करा. पडेल तीन महिन्यांत त्याचे महिन्याला साधारण दोन हजार होते. १० चे ८ हजार झाले. त्यातून अस्तराचं कापड, खडू, इंटरनेट असा दीड हजार खर्च काढला. राहिले साडेसहा हजार.

धागे आणि मशीन विकणाऱ्यांकडून वहिनींना वर्षात दोनदा १५ हजार मिळाले होते. ते या हिशेबात कुठेच धरले नाहीत. जाहिरात करून घेणारा पुन्हा येईलच असं नसतं, आणि बिल दिल्यावर पैसे हातात पडायला दोन-दोन महिने लागतात. असे पैसे राखीव खात्यात टाका.

आता पगाराची बाजू. अर्धा दिवस म्हणजे दुपारी दोनला सुटणं, आणि हॉस्पिटलने त्याचा पगार १५ हजार सांगितला. म्हणजे महिन्याला ९ हजारांची तूट, आणि पाया साडेसहाचा. अडीच हजार कमी पडतात. बहुतेक जण इथे म्हणतात, वेळ मिळाला की चॅनेल वाढेल आणि अडीच हजार भरून निघतील. निघतीलही, पण ते अजून आलेले नाहीत, आणि न आलेल्या पैशावर पगार सोडायचा नाही. आम्ही उलटा प्रश्न विचारला, की साडेसहा हजारांत किती तास विकत मिळतात? महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे एक दिवस सुमारे ९२३ रुपयांचा. आठवड्याला एक दिवस, समजा गुरुवार, सोडला तर महिन्याला चार हजारांच्या आसपास तूट येते, पाच गुरुवार आले तर साडेचार हजारांच्या वर. ती पायात मावते आणि वर दोन हजार उरतात. वहिनी जरा हिरमुसल्या, त्यांच्या डोक्यात अर्धा दिवस पक्का बसला होता. पण एक दिवसही कमी नसतो. तोवर त्या रात्री दहानंतर, पंखा बंद ठेवून, घाम पुसत रेकॉर्डिंग करत होत्या.

तास कमी करताना कागदावर काय लिहिलं जातं याकडे नीट बघा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते. पगारातला ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा भाग १४ हजार आणि सात वर्षं नोकरी, तर १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे साधारण साडेछप्पन्न हजार. तोच भाग १२ हजारांवर आणून ठेवला तर साडेअठ्ठेचाळीस. सात वर्षं पूर्ण पगारावर राबून शेवटी आठ हजार कमी. म्हणून पगार नव्याने ठरवून घेण्याऐवजी मूळ पगार तोच ठेवून आठवड्याला एक दिवस बिनपगारी रजा, असं लेखी मागा. मालक मान्य करेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. हॉस्पिटलच्या सामूहिक आरोग्य विम्यात आपण आणि घरचे राहतो का, हेही त्याच पत्रात लिहून घ्या. नोकरी चालू असताना दुसरं काम करायला परवानगी लागते का, हे नेमणूकपत्रात आधीच वाचून ठेवा. आणि घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज काढायचं असेल तर पूर्ण पगाराच्या स्लिपा हातात असतानाच काढा. चॅनेलच्या उत्पन्नावर कर्ज मागायला गेलात की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. वहिनींच्या दोन्ही उत्पन्नांवर मिळून कर बसत नव्हता, पण चॅनेलची कमाई दाखवून विवरणपत्र भरलं ते याच कारणासाठी. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून होणाऱ्या कमाईवर तिथला कर कापला जातो, तो जास्त कापला जाऊ नये म्हणून अॅडसेन्समध्ये कराची माहिती भरलेली आहे ना, तेवढं एकदा बघा.

राखीव पैसा मी पगारातल्या तुटीवर मोजायला सांगतो. चार हजारांची तूट, सहा महिने, म्हणजे २४ हजार. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कमाईतून वेगळ्या खात्यात टाकून ठेवले होते, म्हणून मार्चमध्ये शोधाशोध करावी लागली नाही. दिवाळीचे पैसे खर्च झाले असतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं.

परतीची अटही आधीच लिहून ठेवा. आमची अशी आहे. लागोपाठ तीन महिने चॅनेलची कमाई साडेपाच हजारांच्या खाली गेली, म्हणजे चार हजारांची तूट आणि दीड हजारांचा खर्च निघेनासा झाला, तर वहिनी गुरुवार परत देणार. तिसऱ्या महिन्यात "अजून एक बघू" म्हणायचं नाही, म्हणून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी सही केली आहे. वरच्या बाजूलाही अट आहे. येत्या वर्षाचे पडेल तीन महिने याच पद्धतीने मोजल्यावर ९ हजार हातात उरवत असतील, तरच अर्ध्या दिवसाची गोष्ट काढायची.

अर्ज मार्चमध्ये दिला, नोव्हेंबरच्या भरात नाही. तोवर जानेवारी-फेब्रुवारीची उतरण डोळ्यांनी बघून झाली होती, आणि पगारवाढीची बोलणीही तेव्हाच होतात. हॉस्पिटलने मूळ पगार न बदलता गुरुवारची बिनपगारी रजा सहा महिन्यांसाठी मान्य केली, विम्याचं उत्तर मात्र दुसऱ्यांदा विचारल्यावर लेखी आलं. पहिल्या गुरुवारी वहिनींनी मशीन खिडकीपाशी ओढलं आणि दिवसाच्या उजेडात बाहीचा गोल कापून दाखवला. रात्रीच्या व्हिडिओंत खडूची रेघ कधी नीट दिसतच नव्हती, या व्हिडिओत ती दिसली.