लिननची पँट धुतल्यावर आखडते, शिवण उसवते: माझा अनुभव

नागपूरच्या इतवारी बाजारातून लिननचं कापड घेऊन पँट शिवली. उंची ४० इंच. पहिल्याच धुण्यात ३८½ झाली आणि आतल्या कडांचे धागे सुटून मागची शिवण उसवली. थंड पाण्यात धुऊन पाहिलं, ओली असताना ताणून वाळवली, टेलरकाकांकडून खालची पट्टी उलगडून घेतली. पुढच्या धुण्यात पुन्हा अर्धा इंच गेला. वैताग आला.

विणताना धागे ताणलेले असतात, पाणी लागलं की ते सैल पडून मूळ लांबीवर येतात. म्हणून आखडायचं ते शिवण्याआधीच आखडू द्यायचं.

दुसऱ्या वेळी दीड मीटर, म्हणजे ५९ इंच कापड घेतलं. आधी कापलेल्या दोन्ही टोकांना इंटरलॉक मारून घेतलं, नाहीतर बादलीत धाग्यांचा गुंता होतो. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं. सकाळी पुढे जसं धुणार तसंच धुतलं, न पिळता सावलीत टाकलं. वाळल्यावर मोजलं तर ५६½ इंच! तेव्हा कुठे शिवायला दिलं. शिवणीला पाऊण इंच कापड सोडायला आणि प्रत्येक कडेला इंटरलॉक मारायला सांगितलं. चार धुणी झाली, उंची ४०च आहे.

सुरकुत्यांचं म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात कपडा बघता बघता कडक वाळतो, मग घडी हलत नाही. दमट असतानाच काढून उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा. बसल्यावर गुडघ्यामागे पडतात त्या पडणारच.