कुंडली उतरवताना या चुका टाळा : चौकोनी पत्रिकेतून आपल्या पत्रिकेत

गोव्यात स्थळ पाहताना कारवार किंवा हुबळीकडची पत्रिका हाती आली, की ती आपल्या पद्धतीने उतरवून घ्यावी लागते. काणकोणच्या माझ्या मावशीकडे गेल्या वर्षी अशीच एक पत्रिका आली होती. उतरवणाऱ्याने एकही ग्रह गाळला नव्हता, तरीही उतरवलेली कुंडली पूर्णपणे चुकली होती, कारण त्याने ग्रह घरांच्या जागेवरून उचलले होते.

आपल्या कुंडलीत स्थाने पक्की असतात. वरचे मधले घर नेहमी लग्नाचे, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचे, आणि तिथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दुसरे, तिसरे अशी स्थाने मोजत जायचे. घरात लिहिलेला आकडा हा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. लग्नात 5 असेल तर सिंह लग्न. दाक्षिणात्य चौकोनी पत्रिकेत मात्र राशी पक्क्या असतात. तिथे वरच्या ओळीत डावीकडून मीन, मेष, वृषभ, मिथुन, उजव्या बाजूने खाली कर्क आणि सिंह, असा घड्याळाच्या दिशेने क्रम जातो आणि आकडे सहसा लिहीत नाहीत. लग्न ज्या राशीत असेल तिथे ‘ल’ लिहितात किंवा कोपऱ्यात तिरकी रेघ मारतात. ही रेघ छायाप्रतीत फिकट होते, म्हणून सर्वांत आधी तीच शोधावी.

त्या पत्रिकेत जन्म मेअखेरचा, दुपारी साडेबाराचा आणि नक्षत्र अनुराधा होते. ‘ल’ सिंहेच्या चौकोनात, बु मेषेत, र वृषभेत, शु आणि के मिथुनेत, मं आणि गु कर्केत, चं वृश्चिकेत, रा धनूत, श मकरेत. उतरवणाऱ्याने वरच्या घरात 1 लिहून तिथे बुध ठेवला आणि आकडे आपल्या पद्धतीने डावीकडे, पण ग्रह मूळ कागदावर दिसले तसे उजवीकडे मांडत नेले. त्यामुळे रवी बाराव्या स्थानी मीनेत आला आणि मंगळ दहाव्या स्थानी गेला. खऱ्या कुंडलीत मंगळ बाराव्या स्थानी आहे. मंगळाचा दोष 1, 4, 7, 8, 12 या स्थानांवरून पाहतात, म्हणजे पत्रिका जुळवताना ज्या गोष्टीसाठी कागद मागवला होता तीच उलटली.

ही चूक नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. राहू-केतू समोरासमोर हवेत आणि बुध रवीच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत हवा, कारण तो रवीपासून सुमारे 28 अंशांपलीकडे जात नाही, हे दोन नियम सगळ्यांना माहीत असतात. परंतु आरशातल्यासारखी उलटलेली कुंडली या दोन्हींत उत्तीर्ण होते, कारण ग्रहांमधली परस्पर अंतरे तशीच राहतात.

ती पकडायची असेल तर जन्मवेळ आणि नक्षत्र घ्यावे. सूर्योदयाच्या सुमारास रवी लग्नाजवळ असतो, मध्यान्ही दहाव्या स्थानाच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्याच्या आणि मध्यरात्री चौथ्याच्या. गोव्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबारालाच, म्हणून या मुलाचा रवी दहाव्यात हवा. बारावा रवी सकाळी आठच्या आसपासचा जन्म दाखवतो. शिवाय मीनेचा रवी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, मेअखेरीस नव्हे. अनुराधा नक्षत्र संपूर्ण वृश्चिकेत येते, पण उलटलेल्या कुंडलीत चंद्र कन्येत पडला होता.

आकृती काढण्याआधी प्रत्येक ग्रह राशीच्या नावाने लिहून घेतला, तर हा घोटाळा होत नाही. सिंह लग्न, म्हणून पहिल्या घरात 5 लिहायचे आणि तिथून डावीकडे बारा घरे मोजत स्थान, रास, राशीचा आकडा आणि ग्रह अशा बारा ओळी लिहायच्या :

```
1 सिंह 5 : ल
2 कन्या 6 : -
3 तूळ 7 : -
4 वृश्चिक 8 : चं
5 धनू 9 : रा
6 मकर 10 : श
7 कुंभ 11 : -
8 मीन 12 : -
9 मेष 1 : बु
10 वृषभ 2 : र
11 मिथुन 3 : शु के
12 कर्क 4 : मं गु
```

फोनवरून पाठवतानाही हेच बारा ओळींचे रूप पाठवावे, कारण मोकळ्या जागा टाकून जुळवलेले चौकोन दुसऱ्याच्या फोनवर सरकतात आणि ग्रह शेजारच्या घरात गेल्यासारखा दिसतो. रिकामे घर गाळू नये, तिथे रेघ द्यावी.

अक्षरांत सर्वाधिक फसवणारी जोडी श आणि शु यांची आहे. उकार पुसला गेला की कुंडलीत दोन शनी दिसतात. अशा वेळी शुक्र रवीपासून सुमारे 48 अंशांच्या आत असतो हे लक्षात घेऊन, रवीपासून दोन राशींहून दूरचा ‘श’ शनी धरावा. दोन्ही रवीजवळ असतील तर मात्र हा उपाय चालत नाही, मूळ कागदच पुन्हा मागवावा लागतो. शेजारी नवमांश कुंडली असेल तर तिला अंतराचे हे नियम लावू नयेत, कारण तिथे राशी अंशांवरून नव्याने ठरतात आणि बुध रवीपासून कितीही घरे दूर दिसू शकतो.