‘पाठिंबा होता का?’ हा प्रश्न मी का खोडला : मुलाखत मार्गदर्शिका तयार करतानाचा अनुभव

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. बहुतेक जण नवी मुंबईतील घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे परिसरात राहणारे होते, आणि अनेकांचे वडील बाजार समितीत माथाडी काम करत होते. पद्धत अर्धसंरचित मुलाखतीची होती. म्हणजे विषय आणि मुख्य प्रश्न आधी ठरलेले असतात, पण त्यांचा क्रम, शब्द आणि खोलात जाण्यासाठीचे पूरक प्रश्न, ज्यांना आम्ही प्रोब म्हणतो, समोरच्याच्या बोलण्यानुसार बदलता येतात. या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी मी माझ्या मार्गदर्शिकेतील एकाच प्रश्नाची हकीकत सांगते, कारण बाकीच्या दुरुस्त्या त्यातूनच सुचत गेल्या.

पहिल्या मसुद्यात 22 प्रश्न होते आणि तिसरा होता, ‘घरच्यांचा शिक्षणाला पाठिंबा होता का?’ चाचणी म्हणून घेतलेल्या पहिल्या मुलाखतीत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने त्याचे उत्तर दिले, ‘हो, पूर्ण पाठिंबा होता.’ पुढे काय विचारावे हे कागदावर नव्हते, म्हणून मी चौथ्या प्रश्नाकडे वळले. सगळी मुलाखत 19 मिनिटांत संपली. त्या रात्री ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवून काढताना लक्षात आले की पानावर माझ्या ओळी त्याच्या ओळींपेक्षा लांब होत्या. मार्गदर्शिका फसल्याची याहून सोपी खूण मला अजून सापडलेली नाही.

दोष कशात होता हे समजायला मला आठवडा लागला. एक दोष आपल्या भाषेच्या वळणात आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की प्रश्न होय-नाहीचा होतो. तोच ‘का’ सुरुवातीला घेऊन ‘का नाही घेतलं सायन्स?’ असे विचारले, तर तो जाब विचारल्यासारखा लागतो आणि मुले सफाई देऊ लागतात. आणि शेवटी ‘ना’ लावला, ‘अवघड गेलं असेल ना?’, तर उत्तर आपणच देऊन टाकलेले असते. मसुद्यातले सगळे ‘का’ आणि ‘ना’ लाल शाईने गोल केले तेव्हा 22 पैकी 13 प्रश्नांवर गोल आले. दुसरा दोष ‘पाठिंबा’ या शब्दात होता. तो शब्द माझा होता, त्या घरांतला नव्हता. शिवाय त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे परक्या व्यक्तीपुढे आई-वडिलांना कमी लेखणे, आणि ते कोणता मुलगा करील?

माझ्या मार्गदर्शक बाईंनी एवढेच सुचवले की मत विचारू नकोस, दिवस विचार. त्यावरून प्रश्न असा झाला : ‘तुम्ही कॉलेजचा अर्ज भरलात, त्या दिवसाबद्दल सांगा. सकाळपासून सुरुवात केलीत तरी चालेल.’ त्याच विद्यार्थ्याची संमती पुन्हा घेऊन मी हा प्रश्न त्याला विचारला. अर्ज सायबर कॅफेत भरला होता. वडील रात्रपाळी संपवून थेट तिथे आले, पण बाहेरच थांबले. महाविद्यालयांचा पसंतीक्रम कॅफेवाल्या दादाने लावून दिला. इथे मी फक्त त्याचेच शब्द परत म्हटले, ‘बाहेरच थांबले?’ तो गप्प झाला. पूर्वी मी लगेच पुढचा प्रश्न टाकला असता. या वेळी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजले. मग तो म्हणाला, ‘आत येऊन काय बोलणार, असं म्हणाले. आणि पालकांच्या शिक्षणाच्या रकान्यात मी दहावी लिहिलं. ते चौथी शिकलेत.’

पाठिंबा होता की नव्हता, हे आता विचारायची गरज उरली नव्हती. पैसा होता, सोबतही होती. माहिती मात्र तिऱ्हाईताकडून आली होती, आणि त्या रकान्याची लाज मुलाने एकट्याने सांभाळली होती. खरे तर या फरकाचे सगळे श्रेय प्रश्नाला देता येणार नाही, कारण दुसऱ्या भेटीत तो मला थोडा ओळखू लागला होता. म्हणून नवा प्रश्न मी आणखी दोन अनोळखी विद्यार्थिनींवर करून पाहिला. दोघीही विनाअडथळा पाच मिनिटांहून अधिक बोलल्या, तेव्हाच तो पक्का केला.

यानंतर मार्गदर्शिका सात मुख्य प्रश्नांवर आली आणि प्रत्येकाखाली मी तीन-चार प्रोब लिहून ठेवले. प्रोब आयत्या वेळी सुचतील या भरवशावर राहू नये. तिथे आपण घाबरलेलो असतो आणि घाबरलेला माणूस होय-नाहीचेच प्रश्न विचारतो. अर्जाच्या प्रश्नाखाली तपशिलासाठी ‘तेव्हा तिथे कोण कोण होतं?’, अर्थ उलगडण्यासाठी ‘टेन्शन म्हणजे नेमकं काय झालं?’, आणि तुलनेसाठी ‘शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना हे असंच झालं, की वेगळं?’ असे लिहिले होते. मात्र प्रोब म्हणजे पोटप्रश्नांची यादी नव्हे. मुलगी आपणहून ते सांगून गेली असेल तर तो खोडून पुढे जावे, नाहीतर आपले लक्ष नव्हते हे तिला बरोबर कळते.

‘पहिल्या पिढीतील विद्यार्थी’ हे शब्दही मी प्रश्नांतून काढले. एक मुलगी म्हणाली होती, ‘पहिली मी नाही, ताई होती, तिने दुसऱ्या वर्षाला सोडलं.’ आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नसणे, ही माझी व्याख्या होती आणि त्यात ती बसत होती. काही अभ्यासक पालकांनी महाविद्यालयात पाऊलही टाकलेले नसावे असे धरतात. ही छाननी मी मुलाखतीआधीच्या एका पानाच्या माहितीपत्रकात केली आणि ‘घरात तुमच्याआधी कोण किती शिकलं?’ हा प्रश्न गप्पांसाठी मोकळा ठेवला. सोडून दिलेल्या ताई-दादांची गोष्ट त्यामुळेच हाती आली.

चांगला प्रश्न जागेपुढे हरतो, हेही पाहिले. एका खोलीच्या घरात आई भाजी निवडत बसली असताना खर्चाबद्दलचा प्रश्न निष्फळ ठरला. त्या मुलीशी नंतर महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात बोलले. घरी गेल्याचा उपयोग झालाच नाही असे नाही, कारण अभ्यासाची जागा म्हणून दाखवलेला पोटमाळा मला तिथेच दिसला.

शेवटचा प्रश्न सगळ्यांसाठी एकच होता : ‘मी विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही, असं काही आहे का?’ यातला शेवटचा ‘का’ मी जाणून ठेवला, कारण इथे ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी होती. तरीही सर्वांत महत्त्वाचे बोलणे अनेकदा रेकॉर्डर बंद केल्यावर, स्टेशनकडे चालताना होई. ते चोरून वापरणे योग्य नव्हे. म्हणून मार्गदर्शिकेच्या तळाशी मी एक ओळ स्वतःसाठी लिहिली, ‘निरोपापूर्वी विचार : आत्ता चालताना सांगितलंत, ते लिहू का?’ दोघांनी नको म्हटले, आणि त्यांचे ते बोलणे माझ्या प्रबंधात नाही.