नोकरी सांभाळून भरती परीक्षेच्या मराठीची उजळणी: चौदा दिवसांचा आराखडा

परीक्षा दोन आठवड्यांवर आली की बहुतेक नोकरदार उमेदवार व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडतात. चौथ्या दिवशी ऑफिसात काम वाढतं, गाडी विभक्तीपाशी अडते, आणि समास, प्रयोग, शुद्धलेखन तसंच राहून जातं. म्हणून सुरुवात पुस्तकापासून करू नका. सुरुवात चुकांपासून करा.

हा आराखडा शनिवारी सुरू होतो आणि परीक्षा पंधराव्या दिवशी आहे असं धरलं आहे. रोजच्या कामाच्या दिवशी सकाळचा पाऊण तास आणि रात्रीची पंधरा मिनिटं लागतील. सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तास लागतील.

पहिला दिवस: पेपर

त्याच भरतीचा मागचा पेपर घ्या आणि फक्त मराठीचे प्रश्न वेळ लावून सोडवा. पंचवीस प्रश्नांना वीस मिनिटं पुरे. उत्तर लिहिताना प्रत्येकासमोर एक खूण करायची: खात्री असेल तर ‘ख’, अंदाज असेल तर ‘अं’. ही खूण उत्तरतालिका उघडण्याआधीच झाली पाहिजे. नंतर आठवून केलेली खूण खोटी असते, कारण बरोबर आलेलं उत्तर आपल्याला आधीपासून येत होतं असंच वाटायला लागतं.

दुसरा दिवस: चुका वेगळ्या करा

समजा, एका ताईंना पंचवीसपैकी पंधरा गुण पडले. त्यांनी सोळा प्रश्नांना ‘ख’ लिहिलं होतं, त्यातले अकरा बरोबर आले. नऊ प्रश्नांना ‘अं’ होतं, त्यातले चार बरोबर आले. म्हणजे उजळणीसाठी चुकलेले दहा आणि नशिबाने जमलेले चार, असे चौदा प्रश्न हाती आले. ते विषयवार लावले तर प्रयोगाचे चार, शुद्धलेखनाचे तीन, शब्दसंग्रहाचे तीन, समासाचे दोन आणि उताऱ्याचे दोन.

यात सगळ्यात मोलाचे आहेत ते पाच, जिथे खात्री होती आणि तरी उत्तर चुकलं. तिथे माहिती कमी नाही, डोक्यात नियमच चुकीचा बसला आहे. वाचून वाचून तो सुटत नाही, समोरासमोर पकडावा लागतो. त्यांचा एक प्रश्न असा होता: ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यातला प्रयोग कोणता? ताईंनी कर्तरी लिहिलं. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “कर्त्याला प्रत्यय नाही, म्हणून.”

नेमका हाच चुकीचा नियम. प्रत्यय बघायचा नाही, क्रियापद कुणाचं ऐकतं ते बघायचं. आधी कर्ता बदला. पुरुष म्हणाला तरी ‘मी पत्र लिहिले’, बाई म्हणाली तरी ‘मी पत्र लिहिले’, अनेकजण म्हणाले तरी ‘आम्ही पत्र लिहिले’. क्रियापद हललं नाही. आता कर्म बदला: ‘मी चिठ्ठी लिहिली’. हललं! क्रियापद कर्माचं ऐकतं, म्हणून कर्मणी. हेच वाक्य वर्तमानकाळात नेलं की ‘मी पत्र लिहितो’, ‘मी पत्र लिहिते’, आणि प्रयोग कर्तरी होतो. ‘आईने मुलाला झोपवले’ घ्या. ‘वडिलांनी मुलीला झोपवले’ केलं तरी क्रियापद जागचं हलत नाही, म्हणून भावे.

एक अडचण मात्र येते. ‘मला दूध आवडते’ या वाक्यात ‘मला’ हाच कर्ता समजून कसोटी लावली तर सगळं बिघडतं. आधी धातूला ‘णारा’ लावून विचारा: आवडणारे काय? दूध. कर्ता दूध आहे. ‘मला चहा आवडतो’ म्हटल्यावर क्रियापद बदलतं, म्हणून कर्तरी.

अशा प्रत्येक चुकीला वहीत तीनच ओळी द्या: प्रश्न, मी काय समजलो, आणि खरी कसोटी. स्पष्टीकरण पूर्ण उतरवत बसू नका.

तिसरा ते सातवा दिवस: वहीप्रमाणे विषय

ज्या विषयात चुका जास्त, त्याला दिवस जास्त. ताईंच्या बाबतीत प्रयोगाला दोन सकाळी, शुद्धलेखनाला दोन आणि समासाला एक. धडा दहा मिनिटं वाचायचा आणि उरलेल्या वेळात प्रश्न सोडवायचे.

शुद्धलेखन हाताने लिहून करा. मोबाइलचा कीबोर्ड बरोबर शब्द आपणहून सुचवतो, त्यामुळे रोज टाइप करणाऱ्या माणसाला आपण कुठे चुकतो हे कळतच नाही. शासनमान्य नियम 18 आहेत, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आधी पक्के करा. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, ‘कविसंमेलन’ म्हणताना ऱ्हस्व. ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलाला’ ऱ्हस्व. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ तसंच. एकेका नियमाच्या पाच-सहा जोड्या घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा आणि श्रुतलेखन करा.

म्हणी, वाक्प्रचार, समानार्थी शब्द यांना सकाळची वेळ देऊ नका, ती रात्रीच्या पंधरा मिनिटांत होतात. रोज पंधरा शब्द पुरे. अर्थ झाकून आठवायचा, आणि जो अडला तो दुसऱ्या दिवशी आणि मग तीन दिवसांनी पुन्हा विचारायचा.

आठवा आणि नववा दिवस: मिसळलेले प्रश्न

इथे अनेकांना धक्का बसतो. समासाचा धडा वाचून लगेच समासाचे दहा प्रश्न सोडवले तर नऊ बरोबर येतात. पेपरात मात्र प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव नसतं. म्हणून शनिवारी दुसरा पेपर आणि रविवारी तिसरा, पहिल्यासारख्याच ‘ख’ आणि ‘अं’ लिहून सोडवा. ‘ख’ लिहून चुकलेले प्रश्न पाचावरून दोन-तीनवर आले असतील तर वही काम करते आहे. एकूण गुण वाढले आणि हा आकडा मात्र तिथेच राहिला, तर नियम बदललेला नाही, फक्त प्रश्न सोपे आले.

दोन पुस्तकांत एकाच वाक्याचं उत्तर वेगळं दिसलं तर वाद घालत बसू नका. तुमच्या भरतीच्या मागच्या अंतिम उत्तरतालिकेत जे धरलं आहे ते घ्या.

दहावा ते तेरावा दिवस: फक्त वही

नवीन धडा आता उघडायचा नाही. वहीतली कसोटी झाका आणि प्रश्न पुन्हा सोडवा. तेच वाक्य पाठ झालेलं असतं, म्हणून त्यातला कर्ता आणि कर्म बदलून स्वतःच नवं वाक्य करा. ते सुटलं तरच खूण मारा. रोज एक उताराही सोडवा, आधी प्रश्न वाचून मग उतारा. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ यातल्या ‘चुकीचे’ शब्दाखाली रेघ ओढायची सवय लावा. ताईंचे उताऱ्याचे दोन्ही प्रश्न तिथेच गेले होते.

चौदावा दिवस: अंदाजाचा हिशेब

तिन्ही पेपरांतले ‘अं’ प्रश्न मोजा आणि जाहिरातीतली गुणपद्धत पाहा. चुकीला गुण कापत नसतील तर एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पाव गुण कापत असतील तर ताईंच्या पहिल्या पेपरासारखा हिशेब करा: चार बरोबर, पाच चूक, म्हणजे चारातून सव्वा वजा. पावणेतीन प्रश्नांचा फायदा झाला, तेव्हा त्यांनी अंदाज करावा. तुमचा हिशेब उणे येत असेल, तर किमान दोन पर्याय खोडता आल्याशिवाय उत्तर नोंदवू नका.